गडद हिरव्याला करडा कोण म्हणालं?

#2F4F2F हा रंग कुणालाही दाखवा, तो हिरवा म्हणेल. गडद म्हणेल, जंगलासारखा म्हणेल, साडीच्या दुकानात ‘बॉटल ग्रीनच्या जवळपास’ असंही कुणी म्हणेल. पण हाच कोड रंगाचं नाव सांगणाऱ्या एखाद्या घाईत लिहिलेल्या प्रोग्रॅमला दिला, तर उत्तर येतं darkslategray, म्हणजे पाटीसारखा गडद करडा. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक नसते आणि तरी उत्तर डोळ्यांना पटत नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही अशी माणसं शर्टाचा फोटो काढून ॲपला रंग विचारतात. त्यांच्यासाठी हे उत्तर निव्वळ दिशाभूल आहे.

हेक्स कोड म्हणजे तीन आकडे, सोळाच्या पाढ्यात लिहिलेले. 2F म्हणजे 47, 4F म्हणजे 79. आपला रंग झाला लाल 47, हिरवा 79, निळा 47. दुसऱ्या बाजूला नावांची यादी असते. वेबपानांसाठी ठरलेल्या सीएसएस यादीत 148 नावं आहेत. त्यात gray आणि grey अशा एकाच रंगाच्या दोन-दोन पाट्या आहेत, त्या वगळल्या की वेगळे रंग उरतात 139. बरीचशी नावं एक्स-इलेव्हन या जुन्या संगणकप्रणालीतून जशीच्या तशी आली, त्यामुळे यादीत गमती आहेत. darkgray हा gray पेक्षा चक्क उजळ आहे!

आता घाईचा प्रोग्रॅम काय करतो ते पाहू. तो लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांना खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीसारखं धरतो आणि शाळेत शिकवलेल्या पायथागोरसने दोन बिंदूंमधलं अंतर काढतो. darkslategray आहे 47, 79, 79. लाल तोच, हिरवा तोच, फक्त निळ्यात 32 चा फरक, म्हणून अंतर 32. darkolivegreen (85, 107, 47) पडतो 47 वर आणि darkgreen (0, 100, 0) जवळजवळ 70 वर. करडा जिंकला.

गोम अशी की हे आकडे पडद्याला किती प्रकाश सोडायचा ते सांगतात, डोळ्याला काय दिसतं ते नाही. डोळा निळ्या-हिरव्यातला फरक एका मापाने मोजतो, पिवळ्या-हिरव्यातला दुसऱ्याच. कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या डेव्हिड मॅकॲडम यांनी 1942 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं, की ‘एवढा फरक जाणवला’ म्हणायला रंगपटाच्या काही भागांत मोठी उडी लागते आणि काही भागांत अगदी छोटी. म्हणून 1976 मध्ये सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने लॅब नावाची मोजणी दिली. तिच्यातही तीनच आकडे असतात. पहिला उजळपणा सांगतो, 0 म्हणजे काळा आणि 100 म्हणजे पांढरा. दुसऱ्याच्या ऋण बाजूला हिरवा आणि धन बाजूला लाल असतो. तिसऱ्याच्या ऋण बाजूला निळा आणि धन बाजूला पिवळा.

कोडपासून इथवर यायला तीन पायऱ्या आहेत. आधी पडद्यासाठी दाबून ठेवलेले आकडे मोकळे करायचे. 47 हा 255 च्या 18 टक्के दिसतो, पण प्रत्यक्षात तेवढ्याला पूर्ण प्रकाशाच्या 3 टक्केही प्रकाश बाहेर पडत नाही. मग लाल-हिरवा-निळा प्रकाश ठरावीक वजनांनी एकत्र करायचा. उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. शेवटी घनमूळ घेऊन लॅबचे आकडे काढायचे.

आपल्या रंगाचे आकडे साधारण 30, −19 आणि 15 असे येतात. darkslategray चे येतात 31, −12 आणि −4. तिसऱ्या आकड्याकडे बघा, तो 15 वरून शून्य ओलांडून थेट ऋण बाजूला गेला. आपला रंग पिवळसर हिरवा आणि तो निळसर. निळ्यातली ती 32 ची किरकोळ वाटणारी वाढ डोळ्याच्या हिशेबात दुसऱ्या गावाला जाण्याइतकी होती. इथे पायथागोरस लावला, की darkolivegreen 19.4 वर येतो आणि darkslategray 20.5 वर. हिरवा जिंकला, पण निसटता. darkgreen मात्र अजून 36 वर आहे आणि हे खटकतं, कारण छटा तर तीच आहे, फक्त जास्त भडक.

1976 च्या मोजणीतली ही उणीव माहीत होतीच. भडक रंगांमधला भडकपणाचा फरक ती फुगवून सांगते. त्यावर सुधारणा होत होत सीआयईडीई-2000 हे सूत्र आलं. ते उजळपणा, भडकपणा आणि छटा यांतले फरक वेगवेगळे काढतं आणि रंग कुठल्या भागात आहे ते पाहून प्रत्येकाला वेगळ्या मापाने भागतं. या सूत्राने darkolivegreen सुमारे 12.8 वर येतो, darkgreen 13.2 वर आणि darkslategray 13.8 वर. म्हणजे दोन्ही हिरवे पुढे, करडा तिसरा. माझ्या मते या सगळ्या आकडेमोडीतला सर्वांत बोलका निकाल हाच. तिघांत एकाचंच अंतर आहे आणि तिघेही लांब आहेत. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला एक-दोनचा फरकही सरावलेल्या डोळ्याला कळतो, तिथे 13 म्हणजे ‘जवळचा’ नव्हेच. या गडद मंद हिरव्यासाठी यादीत नावच नाही. सूत्र कितीही चांगलं असो, नसलेलं नाव ते कुठून आणणार?

मग यादी मोठी करावी? रँडल मनरो या अमेरिकी व्यंगचित्रकाराने 2010 मध्ये इंटरनेटवर लोकांना रंग दाखवून नावं विचारली. दोन लाखांहून अधिक वेळा लोकांनी ती प्रश्नावली भरली आणि त्यातून 954 नावांची यादी निघाली. जागा बऱ्याच भरल्या, पण लोक ते लोकच, त्यामुळे बाळाच्या शीचा रंगही यादीत आला. शर्टाचा रंग विचारणाऱ्याला तो सांगायचा की नाही, हे सूत्र ठरवू शकत नाही. ते माणसानेच ठरवायचं.

स्वतः असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची गाडी दोन ठिकाणी हमखास अडते. पहिली अडचण पांढऱ्याची. पडद्याचा पांढरा एका मानकाचा आणि छपाईच्या सॉफ्टवेअरमधला दुसऱ्या, जरा पिवळट मानकाचा असतो. दोन्हींची सरमिसळ झाली, की करड्या रंगांवर नसलेली छटा चढते. #FFFFFF देऊन 100, 0, 0 येतात का हे पाहिलं की लगेच कळतं. दुसरी अडचण छटेच्या कोनाची. 350 आणि 10 अंशांची सरासरी 0 यायला हवी, साधी सरासरी काढली तर 180 येते, म्हणजे बरोबर उलटा रंग. ही चूक काही थोड्या रंगांतच डोकं वर काढते, म्हणून महिनोन् महिने लपून राहते. गौरव शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये खास अशा अवघड जागा हेरून रंगांच्या 34 जोड्या उत्तरांसकट छापल्या. आपलं सूत्र त्या सगळ्या जोड्यांवर बरोबर उतरल्याशिवाय वापरू नये.

आणि नावाबरोबर अंतरही दाखवावं. दोनच्या आत असेल तर नुसतं नाव पुरे, पाचपर्यंत ‘जवळपास’ म्हणावं, दहाच्या पुढे गेलं तर दोन-तीन नावं देऊन ‘यांच्या अधलामधला’ असं सरळ सांगावं. #2F4F2F ला एकच नाव देणारं ॲप, मग ते नाव हिरवं का असेना, विचारणाऱ्याला अर्धीच माहिती देतं.