पोळ्या मोजायच्या की पीठ?

साताऱ्याजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक, वय 64. दहा वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिनच्या जोडीला सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. साखर बऱ्यापैकी ताब्यात होती. पावसाळ्यात ते दोन महिन्यांसाठी पुण्याला मुलाकडे राहायला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. सूनबाईंनी ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, तर ती 58 निघाली. 70 च्या खाली गेलेली साखर धोक्याचीच. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिल्यावर पंधरा मिनिटांत ते सावरले.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी विचारले, ‘‘जेवण कमी केलंत का?’’

‘‘नाही डॉक्टर. तुम्ही लिहून दिल्याप्रमाणे दोन वेळा दोन-दोन पोळ्या. एकही कमी नाही.’’

ते खरेच सांगत होते. गोळी तीच, वेळ तीच, पोळ्याही दोनच. बदलले होते ते स्वयंपाकघर. गावाकडे त्यांच्या पत्नी जाडसर, घडीची पोळी करत. पुण्यात सूनबाई पातळ फुलके करत होत्या. डॉक्टरांनी सूनबाईंना एकच प्रश्न विचारला, ‘‘एक किलो पिठात तुमचे फुलके किती होतात?’’ त्यांनी मोजून सांगितले, पन्नास. सासूबाईंना फोन लावला, तर त्यांचे उत्तर होते पंचवीस.

सगळा उलगडा या दोन आकड्यांत आहे. किलोला पंचवीस पोळ्या म्हणजे एका पोळीत 40 ग्रॅम पीठ. किलोला पन्नास फुलके म्हणजे एका फुलक्यात 20 ग्रॅम. 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण 65 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात. गावाकडच्या दोन पोळ्यांतून त्यांना 52 ते 56 ग्रॅम कर्बोदके मिळत होती, पुण्यातल्या दोन फुलक्यांतून 26 ते 28. जेवणातले पीठ निम्म्यावर आले आणि गोळीचा जोर तेवढाच राहिला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, जेवण कमी झाले तरी. त्यामुळे साखर घसरली. उलट दिशेनेही हेच घडते. फुलके खाणारा माणूस जाड पोळ्यांच्या घरी गेला, की ‘दोनच पोळ्या’ खाऊनही साखर चढते आणि विनाकारण औषध वाढवले जाते.

म्हणून आपल्या घरी किलोला किती पोळ्या होतात, हे एकदा मोजावे. गव्हाच्या एक किलो पिठाला मऊ कणकेसाठी साधारण 600 ते 650 मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे कणीक होते सुमारे 1600 ग्रॅम. गोळा, म्हणजे कुणी उंडा म्हणते ती लाटी, 32 ग्रॅमची घेतली तर पन्नास फुलके होतात. 40 ग्रॅमची घेतली तर चाळीस पोळ्या आणि 64 ग्रॅमची घेतली तर पंचवीस. भिजवून झालेल्या गोळ्याचे वजन साधारण 1.6 ने भागले, की त्यातले कोरडे पीठ कळते. 40 ग्रॅमच्या गोळ्यात 25 ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे 80 ते 85 कॅलरी. पोळीला लावलेले तेल-तूप वेगळे.

वजन गोळ्याचेच करावे, भाजलेल्या पोळीचे नाही. तव्यावर पोळीतले पाणी उडून जाते आणि ते किती उडाले, हे आचेवर अवलंबून असते. पोळीचा आकारही फसवतो. मोठी पण पातळ लाटलेली पोळी आणि लहान पण जाड पोळी यांत पीठ सारखेच असू शकते. पाण्याचे प्रमाणही घरोघरी बदलते. गिरणीत बारीक दळलेले पीठ जास्त पाणी पिते, मैदा मिसळलेले पीठ कमी. कणीक सैल असेल तर तेवढ्याच वजनाच्या गोळ्यात पीठ कमी असते.

वजनकाटा नसेल तरी अडत नाही. एक किलोची नवी पिशवी वेगळी ठेवावी. भिजवायचे पीठही तिच्यातलेच आणि लाटताना लावायची पिठीही तिच्यातलीच. पिशवी संपेपर्यंत रोजच्या पोळ्या कागदावर मांडत जाव्यात. शेवटी 1000 ला त्या संख्येने भागावे. पाण्याचा अंदाज, पिठी, लहान-मोठे गोळे हे सगळे त्या सरासरीत येऊन जाते. मात्र पोळ्या दोघीजणी आळीपाळीने करत असतील, तर दोघींचा हिशेब वेगळा ठेवावा. आणि पहिले गोळे मोठे, शेवटचे लहान अशी सवय असेल, तर मधुमेही माणसाच्या ताटात नेहमी पहिल्या पोळ्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

पुरीचा हिशेब जरा निराळा आहे. पुरीची कणीक घट्ट असते. किलोभर पिठात मोहन धरून ती साधारण दीड किलो भरते. 20 ग्रॅमचा गोळा घेतला तर 75 पुऱ्या होतात, 25 ग्रॅमचा घेतला तर 60. वीस ग्रॅमच्या पुरीत पीठ सुमारे 13 ग्रॅम, म्हणजे तीन पुऱ्या झाल्या की गावाकडची एक जाड पोळी झाली. पाडव्याला श्रीखंडाबरोबर सहा पुऱ्या सहज जातात. तेवढ्यात दोन जाड पोळ्यांचे पीठ असते. शिवाय तेल. ते घरी मोजता येते. तळणीच्या आधी कढईसकट तेलाचे वजन करावे, तळून गार झाल्यावर पुन्हा करावे. समजा चाळीस पुऱ्यांना 120 ग्रॅम तेल कमी झाले, तर पुरीमागे 3 ग्रॅम, म्हणजे 27 कॅलरी. सहा पुऱ्यांत नुसत्या तेलाच्या 162. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून साखर उशिरा चढते. दोन तासांनी तपासलेली साखर बरी दिसली, तरी नंतर ती वाढलेली असू शकते.

‘पोळी बंद, एकच भाकरी’ असे ठरवणाऱ्यांनीही गोळा पाहावा. किलोभर ज्वारीच्या पिठाच्या सोळा-सतरा भाकऱ्या होत असतील, तर एका भाकरीत 60 ग्रॅमच्या आसपास पीठ आहे. पिठाच्या हिशेबाने ती तीन फुलक्यांएवढी झाली.

त्या शिक्षकांची ग्लिमेपिराइडची मात्रा डॉक्टरांनी निम्मी केली आणि दोनाऐवजी तीन फुलके घ्यायला सांगितले. केसपेपरवर ‘पोळ्या 2’ खोडून ‘पीठ 60 ग्रॅम, दर जेवणाला’ असे लिहिले. गावी परतल्यावर तेवढ्याच पिठाच्या दीड पोळ्या होतील, हेही समजावले. औषधाची मात्रा कुणीही आपल्या मनाने बदलू नये. पण पुढच्या तपासणीला जाताना किलोला किती पोळ्या होतात, तो आकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा.