गृहपाठाची लिंक फोनवर उघडत का नाही? वर्गाच्या ग्रुपवर टाकायची सूचना कशी असावी?

शुक्रवारी संध्याकाळी चौथीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाई गणिताच्या गृहपाठाची लिंक टाकतात. खाली लिहितात, "कृपया लिंक ओपन करून गृहपाठ पूर्ण करून घ्यावा." पाच मिनिटांत पहिलं उत्तर येतं, "मॅडम, ओपन होत नाही." मग आणखी सहा जण तेच लिहितात. कुणी हात जोडल्याची इमोजी पाठवतं, कुणी "आमच्याकडे होतंय" असं सांगतं. रात्री साडेनऊला वडील कामावरून फोन घेऊन घरी येतात तेव्हा लिंक या सगळ्या मेसेजांच्या वर कुठेतरी गेलेली असते आणि मूल झोपायला आलेलं असतं.

असं चित्र अनेक ग्रुपवर दिसतं, आणि दोष बहुतेक वेळा पालकांच्या फोनला दिला जातो. पण "ओपन होत नाही" या तीन शब्दांमागचं सर्वांत नेहमीचं कारण लिंक पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असतं. ते आधी समजून घेतलं तर पालकांना पाठवायची सूचना चार-पाच ओळींत बसते.

फाईल बंद खोलीत असते

बहुतेक शिक्षक गृहपाठाची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवतात आणि तिची लिंक ग्रुपवर टाकतात. लिंक म्हणजे फाईल नाही, फाईलचा फक्त पत्ता. ड्राइव्हवर टाकलेली नवी फाईल सहसा `Restricted` असते, म्हणजे जिला मालकाने परवानगी दिली आहे तीच व्यक्ती ती पाहू शकते. पत्ता ४० पालकांना मिळाला, पण खोलीची किल्ली एकट्या बाईंकडेच राहिली, असा हा प्रकार. पालकांनी लिंकवर बोट लावलं की पडद्यावर `You need access` असं येतं आणि खाली `Request access` हे बटण दिसतं.

बाईंच्या फोनवर मात्र लिंक लगेच उघडते, कारण फाईल त्यांचीच आहे. म्हणून "माझ्याकडे तर उघडतेय" हे त्यांचं उत्तर खरं असूनही उपयोगाचं नसतं.

पालकांनी `Request access` दाबलं तर काय होतं? बाईंच्या ईमेलवर परवानगीची विनंती जाते. ४० पालकांनी दाबलं तर ४० ईमेल. बाईंनी त्या रात्री ईमेल पाहिला नाही, तर तो गृहपाठ तिथेच अडकतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. ड्राइव्ह ॲपमध्ये फाईलच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबायचे, शेअरिंगच्या पर्यायात जाऊन `General access` शोधायचं आणि `Restricted` च्या जागी `Anyone with the link` निवडायचं. त्याखाली भूमिका विचारली जाते, तिथे `Viewer` ठेवायचं. `Editor` ठेवलं तर एखाद्या पालकाच्या हातून प्रश्नच पुसले जाऊ शकतात, विशेषतः गृहपाठ गूगल डॉक्समध्ये लिहिलेला असेल तर. मग `Copy link` दाबून तीच लिंक ग्रुपवर टाकायची.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. ही लिंक ज्याच्या हाती पडेल तो फाईल पाहू शकतो. प्रश्नपत्रिकेसाठी हे चालतं, मुलांचे गुण किंवा फोटो असलेल्या फाईलसाठी नाही.

फॉर्मचा घोळ वेगळा

गृहपाठ गूगल फॉर्ममध्ये असेल तर आणखी एक गंमत होते. फॉर्म तयार करताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो, तो शेवटी `/edit` असा असतो. तो फॉर्म बनवणाऱ्याचा दरवाजा. घाईत तोच कॉपी करून ग्रुपवर टाकला, तर पालकांना पुन्हा परवानगीचाच पडदा दिसतो. भरायच्या फॉर्मचा पत्ता वेगळा असतो, त्यात `/viewform` असतं किंवा तो `forms.gle` ने सुरू होतो. फॉर्ममधल्या पाठवण्याच्या पर्यायातून घेतलेली लिंक बरोबर असते.

वहीच्या पानाचा फोटो फॉर्ममध्येच जोडायला सांगितला असेल, तर गूगल खात्यात साइन इन केल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही. ज्या घरी फोनवर खातंच सुरू नाही, तिथे हा फॉर्म अडतो. त्यापेक्षा फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं सोपं.

कधी चूक खरंच पालकांच्या फोनवर असते

काही शाळा मुलांना स्वतःचे ईमेल आयडी देतात आणि गृहपाठ फक्त त्या आयडीसाठी खुला ठेवतात. फोन आईचा, त्यात खातं आईचं, आणि लिंक मुलाच्या खात्याची वाट पाहते. पडदा तोच, `You need access`. पण इथे बाईंनी काही बदलायची गरज नसते. ड्राइव्ह किंवा क्लासरूम ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात गोल फोटो किंवा अक्षर दिसतं. त्यावर बोट लावलं की सध्या कोणतं खातं सुरू आहे ते कळतं आणि शाळेचं खातं जोडताही येतं. ते निवडून लिंक पुन्हा उघडायची.

पाठवण्याआधीची परीक्षा

लिंक सगळ्यांसाठी खुली झाली की नाही, हे बाईंना स्वतःच तपासता येतं. क्रोममध्ये तीन ठिपके दाबून `New Incognito tab` उघडायचा आणि लिंक तिथे पेस्ट करायची. या टॅबमध्ये बाईंचं खातं सुरू नसतं, त्यामुळे तो अनोळखी माणसाच्या फोनसारखा वागतो. फाईल दिसली तर पालकांनाही दिसेल. साइन इन मागितलं तर परवानगी अजून बंद आहे. शाळेच्या आयडीसाठी ठेवलेली फाईल मात्र इथे उघडणार नाही, आणि तसंच व्हायला हवं.

शाळेच्या खात्यावर कधी कधी `Anyone with the link` हा पर्यायच नसतो, कारण शाळेने बाहेर शेअर करणं बंद ठेवलेलं असतं. अशा वेळी दोन पानांची पीडीएफ सरळ ग्रुपवर पाठवावी.

मग सूचना अशी लिहिता येते

परीक्षा पार पडल्यावर खुल्या लिंकसोबत एवढं पुरतं:

"नमस्कार पालकहो. इयत्ता ४ थी, गणित, २ पानं, सोमवारी वही आणणे. खालच्या मेसेजमधल्या निळ्या अक्षरांवर एकदा बोट लावा. कशात उघडायचं असं विचारलं तर Drive किंवा Chrome निवडा. पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही, मागितला तर देऊ नका. 'You need access' दिसलं तर Request access दाबू नका, पडद्याचा फोटो मला वेगळा पाठवा. तरीही जमलं नाही तर मी पानांचे फोटो पाठवते."

लिंक मुद्दाम वेगळ्या मेसेजमध्ये टाकायची. सूचना आणि लिंक एकत्र असली की कॉपी करताना अख्खा मजकूर उचलला जातो, आणि क्रोममध्ये पेस्ट केल्यावर फाईलऐवजी गूगलचा शोध सुरू होतो. शिवाय वेगळा मेसेज ग्रुपमध्ये पिन करता येतो, म्हणजे साडेनऊला फोन हातात घेणाऱ्या वडिलांना तो वरच सापडतो.

पडद्याचा फोटो मागण्यालाही कारण आहे. "ओपन होत नाही" यावरून काहीच कळत नाही. फोटोत परवानगीचा पडदा दिसला तर शेअरिंग किंवा खातं तपासायचं. पांढरा पडदा किंवा गोल फिरणारं चिन्ह असेल तर नेटवर्क मंद आहे. आणि लिंकवरून `.apk` ने संपणारी फाईल उतरत असेल, तर तो गृहपाठ नाही. ती न उघडता पुसायची आणि बाईंना फोन करून त्यांच्या नंबरवरून मेसेज कुणी पाठवला ते विचारायचं.