‘महत्त्वाची भूमिका’ खोडल्यावर उरतं काय?

पूर्णेतल्या एका स्मरणिकेचे लेख तपासायला माझ्याकडे आले होते. त्यात बी.ए.ला असलेल्या एका मुलाचा रेल्वे स्टेशनवरचा लेख होता. समितीतल्या कुणीतरी त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे मशीनने लिहिलेलं दिसतंय, घेऊ नये.’ मुलाला ते कळलं आणि तो संध्याकाळी घरी आला. आल्या आल्या म्हणाला, “सर, मीच लिवलंय. दोन राती जागलो.” सोबत वही आणली होती. खाडाखोड, समासात वाढवलेल्या ओळी, एका पानावर चहाचा डाग. लेख त्यानेच लिहिला होता यात शंका नव्हती. पण पेन्सिलीचा तो शेरा मारणाऱ्यालाही मी पूर्ण चूक म्हणू शकलो नाही. लेखाची सुरुवात अशी होती:

‘आजच्या धावपळीच्या युगात रेल्वे ही केवळ प्रवासाचे साधन नसून ती विकासाची जीवनवाहिनी आहे. पूर्णा जंक्शन हे मराठवाड्यातील एक महत्त्वाचे स्थानक असून ते या परिसराच्या सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक जडणघडणीत महत्त्वाची भूमिका बजावते. हे स्थानक केवळ गाड्या थांबण्याचे ठिकाण नाही, तर हजारो आठवणींचे साक्षीदार आहे. काळानुसार या स्थानकाने अनेक बदल अनुभवले आहेत. एकंदरीत, पूर्णा जंक्शन हे भूतकाळ आणि भविष्यकाळ यांना जोडणारा एक अनोखा दुवा आहे.’

ही भाषा त्याला कुठे मिळाली, हे त्याला विचारायची गरज नव्हती. दहावीच्या निबंधात अशाच सुरुवातीला गुण मिळतात, उद्घाटनाच्या भाषणात हेच ऐकू येतं आणि प्रसिद्धीपत्रकातही हेच छापून येतं. लिहिणारी यंत्रंही अशाच मजकुरावर शिकलेली असतात. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत ती पुढे जातात. म्हणून हजारदा वापरलेला शब्दप्रयोग त्यांना सगळ्यात आधी सुचतो. मुलाला आणि यंत्राला शिकवणारी शाळा एकच निघाली, एवढाच याचा अर्थ.

त्यामुळे नुसत्या सुरावरून ‘हे कुणी लिहिलं’ हे ठरवता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये असा मजकूर ओळखणारं एक साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या शंभरातल्या 26 मजकुरांना ओळखलं आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरातल्या 9 मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारला. सहा महिन्यांत ते बंद करावं लागलं. मुलाला मी म्हणालो, तू लिहिलंस की नाही हा वाद सोडून देऊ. लेख दुरुस्त करू.

पहिलं काम पेन्सिलीचं. लेखातलं ‘पूर्णा’ काढून तिथे ‘मनमाड’ ठेवायचं, मग ‘मिरज’, मग ‘भुसावळ’. मराठवाड्याच्या जागी त्या त्या भागाचं नाव घ्यायचं. एवढं करूनही जे वाक्य खरंच राहतं, त्याच्याखाली रेघ ओढायची. वरच्या परिच्छेदातल्या पाचही वाक्यांखाली रेघ आली. मुलगा कागदाकडे बघत राहिला. “म्हणजे मी पूर्णेबद्दल काहीच लिवलं नाही?” नव्हतंच लिहिलं.

अशा वेळी पहिली ओढ असते ती शब्द बदलण्याची. त्यानेही ‘महत्त्वाची भूमिका बजावते’ खोडून ‘मोलाचा वाटा उचलते’ केलं. हे फसतं, कारण त्या जागी मुळात माहितीच नव्हती, ती पोकळी झाकायला तो शब्दप्रयोग आला होता. झाकण बदललं तरी आत पोकळीच. तिथे प्रश्न विचारावा लागतो, तोही अगदी साधा: कोणते, कधी, कुणाचे.

“अनेक बदल म्हणजे कोणते?”

“मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं.”

“कुठल्या लाइनीचं?”

“अकोल्याच्या. 2008ला.”

“आणि हजारो आठवणी म्हणतोस, त्यातली एक सांग.”

इथे तो थांबला. मग म्हणाला, “आमचे आजोबा गँगमन होते त्या लाइनीवर.” आणि पुढची दहा मिनिटं तो बोलत राहिला. त्या बोलण्यात ‘जीवनवाहिनी’ आली नाही, ‘अनोखा दुवा’ही आला नाही. मी फक्त लिहून घेत होतो.

दुसरं काम रचनेचं. ‘केवळ अमुक नसून तमुक’ ही घडण पाच वाक्यांत दोनदा आली होती, आख्ख्या लेखात सात वेळा. स्टेशन म्हणजे फक्त गाड्या थांबायची जागा, असं कुणी म्हटलं होतं का? कुणीच न केलेला दावा खोडून काढायचा आणि त्यावर आपलं वाक्य उभं करायचं, अशी ही रीत आहे. नकार खरोखर लागतो तेव्हा तो जरूर ठेवावा. ‘येलदरीचं धरण गोदावरीवर नाही, पूर्णा नदीवर आहे’ या वाक्यातला नकार कामाचा आहे, कारण तिथे गफलत होऊ शकते. वाचणाऱ्याच्या डोक्यात खरंच तसा समज असेल का, एवढंच तपासायचं. सातांपैकी एकही वाक्य त्यात टिकलं नाही.

मग मी त्याला प्रत्येक परिच्छेदाचा फक्त पहिला शब्द वरून खाली वाचायला सांगितलं. आजच्या, तसेच, याशिवाय, त्याचप्रमाणे, विशेष म्हणजे, दुसरीकडे, एकंदरीत. पहिला सोडला तर हे सगळे जोडणारे शब्द. सगळे झाकून लेख पुन्हा वाचला, तर काही ठिकाणी काहीच बिघडलं नाही. म्हणजे तिथे त्यांची गरज नव्हती. दोन ठिकाणी मात्र मजकूर तुटला. तिसरा आणि पाचवा परिच्छेद आम्ही एकमेकांच्या जागी ठेवून पाहिले, तरी लेखाला फरक पडला नाही. हे जास्त गंभीर. परिच्छेदांची अदलाबदल चालते, याचा अर्थ लेखात पुढे सरकणारं काही नाही, नुसते मुद्दे शेजारी शेजारी मांडलेत. तिथे ‘तसेच’ काढून ‘शिवाय’ घातल्याने काही होत नाही, क्रमच बदलावा लागतो. आम्ही आजोबांच्या नोकरीपासून निघालो आणि काळाच्या मागे मागे गेलो. मग एकही जोडणारा शब्द लागला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात बारीक, आणि मला ती सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. ‘पूर्णा जंक्शन हे मराठवाड्यातील एक महत्त्वाचे स्थानक आहे’ या वाक्यात ‘हे’ आणि ‘एक’ कशाला हवेत? इंग्रजीत नामाआधी लागणारा तो छोटा शब्द मराठीत ‘एक’ होऊन आला आहे, आणि व्याख्या सांगावी तसं ‘हे’ मध्ये टेकू म्हणून उभं आहे. दोन्ही काढले तर वाक्य हलकं होतं. तसंच ‘पूर्णा येथे’. आपल्या तोंडी ‘पूर्णेला’, ‘पूर्णेत’ येतं. नावाला सामान्यरूप होऊ द्यायचं आणि प्रत्यय लावायचा, हा मराठीचा स्वभाव. ‘येथे’ किंवा ‘मध्ये’ लावून नाव जसंच्या तसं ठेवलं की मजकूर फॉर्मवरच्या रकान्यासारखा वाटतो.

आणि शेवटचा ‘आहे’. लागोपाठ पाच वाक्यं ‘आहे’, ‘आहेत’, ‘असून’ यांवर टेकली की कान थकतो. मराठीला दर वेळी क्रियापद शेवटी लागतंच असं नाही, कधी ते मुळीच लागत नाही. ‘स्टेशन मोठं, गाव लहान’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘मुलगा आला तो रडवेला होऊन’ यात क्रियापद मध्ये सरकलं आणि जोर रडवेलेपणावर गेला. ‘जाऊन’, ‘करून’ यांनी तीन कृती एका दमात गुंफता येतात, तिथे तीन तुटक वाक्यांची गरज नसते. ‘च’, ‘ही’, ‘तर’ या छोट्या शब्दांनी वाक्याचा कल बदलतो. लेख मोठ्याने वाचला की हे लगेच कळतं. श्वास दर वेळी त्याच जागी अडकत असेल, तर तिथे साचा आहे.

दीड तासाने पहिला परिच्छेद असा झाला:

‘पूर्णेला रेल्वेच्या तीन वाटा फुटतात. एक परभणीवरून मनमाडकडे, एक नांदेडकडे आणि तिसरी हिंगोली-वाशीमवरून अकोल्याला. ही तिसरी 2008 साली ब्रॉडगेज झाली. त्याआधी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत अंतर फक्त एक मीटर. आमचे आजोबा याच लाइनीवर गँगमन होते. रूळ रुंद झाले तोवर त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मोठी गाडी बघायला ते काठी टेकत फाटकापाशी जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर आजीने विचारलं, कशी होती गाडी? आवाज येगळा आहे, एवढंच बोलले.’

आता यात ‘मिरज’ घालून बघा. पहिल्याच वाटेवर अडाल.

या कामात दोन ठिकाणी पाय घसरतो. पोकळी भरायची म्हणून माणूस तपशील रचायला लागतो. मुलानेही एकदा वाक्य वाढवलं, ‘आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.’ मी विचारलं, तू पाहिलंस? नव्हतं पाहिलं. ते वाक्य खोडलं, कारण रचलेला तपशील हा नवा साचाच असतो, वर तो खोटाही असतो. दुसरी घसरण याच्या उलट. यंत्रासारखं वाटू नये म्हणून मुद्दाम शुद्धलेखनाच्या चुका ठेवायच्या, वाक्यं तोडायची, गरज नसताना बोलीतले शब्द पेरायचे. वाचणाऱ्याला तेही लगेच समजतं. आणि साचा सगळीकडे वाईट असतो असंही नाही. लग्नपत्रिकेतलं आग्रहाचं निमंत्रण किंवा शोकसभेच्या सूचनेतली वाक्यं तशीच राहावीत. तिथे लोकांना ओळखीचे शब्दच हवे असतात.

लेख समितीकडे परत गेला आणि या वेळी तो घेतला गेला. मुद्रितं आली तेव्हा मुलगा पुन्हा घरी आला, हातात पान घेऊन. मुद्रितशोधकाने ‘येगळा’ खोडून ‘वेगळा’ केलं होतं.

“सर, आजोबा असंच म्हणायचे.”

मी समासात लिहिलं: मुळाप्रमाणे ठेवावे.