विश्लेषण : राजे दोन टोकांना, प्यादी सुसाट... शर्यत कोण जिंकतो?

वारणानगरमध्ये मोबाइलवर दहा मिनिटांचा डाव खेळणारा असो वा जगज्जेतेपदाचा दावेदार, एक प्रश्न दोघांनाही पडतो. एकाने राजाच्या बाजूला आणि दुसऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट (कॅसलिंग) केला, तर आधी हल्ला करायचा की बचाव?

प्यादी पुढे का ढकलतात?

दोघांचे राजे एकाच बाजूला असतील, तर प्यादी पुढे नेताना स्वतःचाच राजा उघडा पडतो. राजे विरुद्ध बाजूंना असले की ही भीती राहत नाही. प्याद्यांचे काम मग एकच उरते : आपल्या हत्तीसाठी उभी पट्टी मोकळी करणे. त्यात एखादे प्यादे गेले तरी चालते.

१९७४ चा धडा काय?

मॉस्कोत कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्यात जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी लढत झाली. तिच्या दुसऱ्या डावात सिसिलियन बचावातील ‘ड्रॅगन’ प्रकार खेळला गेला. पांढऱ्या मोहऱ्यांकडून खेळणाऱ्या कार्पोव्हने १४ व्या खेळीला एच-५ वर प्यादे फुकट दिले आणि हत्तीची पट्टी मोकळी केली.

पण पुढे तो आंधळेपणाने धावला नाही. कोर्चनॉयचा सारा हल्ला सी-३ वरच्या पांढऱ्या घोड्यावर रोखलेला होता. हत्तीचा बळी देऊन तो घोडा मारला, तर पांढऱ्या राजासमोरची भिंत फुटणार होती. म्हणून कार्पोव्हने १६ व्या खेळीला दुसरा घोडा ई-२ वर मागे घेऊन सी-३ ला आधार दिला. १९ व्या खेळीला हत्ती डी-३ वर आणून त्याने तो आधार पक्का केला. त्यामुळे ई-२ वरचा घोडा हल्ल्यासाठी मोकळा झाला. २४ व्या खेळीला ई-५ वर प्यादे सरकवून त्याने काळ्या वजिराची बचावाला येण्याची वाट अडवली. २७ व्या खेळीला कोर्चनॉयने डाव सोडला.

या लढतीतील २४ पैकी १९ डाव बरोबरीत सुटले. कार्पोव्ह ३-२ अशा विजयांनी पुढे गेला आणि १९७५ मध्ये फिशर न खेळल्याने जगज्जेता झाला.

हल्ला कधी फसतो?

वजिरांची अदलाबदल झाली की शर्यतच संपते. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला विश्वनाथन आनंदसमोर कास्पारॉव्हने ‘ड्रॅगन’च खेळला. त्याने स्वतःचे प्यादे एच-५ वर रोवून पांढरे प्यादे अडवले आणि २० व्या खेळीपर्यंत वजीर पटाबाहेर गेले. आनंद तो डाव ३१ व्या खेळीला हरला.

मग पुढची खेळी कशी ठरवायची?

प्रतिस्पर्ध्याचा हल्ला एकाच घरावर अवलंबून आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल तर त्या घरासाठी एक खेळी खर्च करणे परवडते. नसेल, तर आपली पट्टी त्याच्याआधी मोकळी झालीच पाहिजे.