पुश-अपमध्ये हात किती लांब ठेवायचे?

जिममध्ये नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एक सूत्र मिळतं: छातीसाठी हात लांब ठेव, ट्रायसेप्ससाठी, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूसाठी, जवळ आण. यातला दुसरा भाग बरोबर आहे. पहिल्याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 40 जणांच्या छातीवर आणि ट्रायसेप्सवर इलेक्ट्रोड लावून पुश-अप करवून घेतले. हात आधी खांद्यांइतक्या अंतरावर, मग रुंद, मग छातीखाली जवळजवळ. हात जवळ असताना ट्रायसेप्स जास्त राबला, हे अपेक्षितच होतं. पण छातीचा स्नायूही रुंद हातांपेक्षा तेव्हाच जास्त सक्रिय दिसला.

असं का व्हावं, याचा थोडा अंदाज साध्या भूमितीतून येतो. समजा, खांद्यापासून तळव्यापर्यंत तुमचा हात 60 सेंटिमीटर आहे. तळवे बरोबर खांद्यांखाली असतील तर वरच्या स्थितीत खांदे जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर असतात. प्रत्येक तळवा 30 सेंटिमीटर बाहेर सरकवला की हात तिरका होतो आणि खांदे 52 सेंटिमीटरवर येतात. खाली जाऊन छाती टेकवायची जागा तीच, म्हणजे वर-खाली होण्याचं अंतर 8 सेंटिमीटरनं घटलं. रुंद हातांनी जास्त पुश-अप निघतात याचं श्रेय बऱ्याच अंशी या सवलतीला जातं. कोपरही कमी दुमडतं, त्यामुळे ते सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सचं काम हलकं होतं. उरलेल्या कामात छातीचा वाटा मोठा असतो आणि तळाशी ती चांगलीच ताणली जाते. म्हणून ‘छातीला लागलं’ असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही.

खांद्याचा पुढचा स्नायू सगळ्याच प्रकारांत मदतीला असतो. त्याच्या बाबतीत तळव्यांइतकंच कोपरांकडेही बघावं लागतं. कोपरं अंगालगत मागे जात असतील, तर वर येताना दंड पुढे आणण्याचं काम त्याच्याकडे येतं. कोपरं खांद्यांच्या रेषेत बाहेर फाकली, तर दंड आत ओढण्याचं काम मुख्यतः छाती करते, पण खांद्याचा सांधा अवघड कोनात सापडतो. रुंद पुश-अपनंतर खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल, तर आधी कोपरं थोडी अंगाकडे घ्यावीत. दोन्ही तळवे एकमेकांना चिकटवले तर मनगट आणि कोपर कुरकुरू शकतात. तेव्हा वीतभर अंतर ठेवलं तरी ट्रायसेप्सचं काम होतं.

सक्रियता मोजणं म्हणजे स्नायूची वाढ मोजणं नव्हे, हेही खरं. पण रोजच्यासाठी जागा शोधायची असेल, तर छाती खाली असताना कुणाला तरी समोरून बघायला सांगावं. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग उभा दिसला, तर हात मधल्या अंतरावर आहेत. कोपर मनगटाच्या बाहेर गेलं असेल तर हात जवळ आहेत, आत आलं असेल तर रुंद.