खलबत्त्याचा ठोका आणि डॉक्टरांची खोली

गेल्या आठवड्यात आपण जमिनीवरचं अतिक्रमण पाहिलं. तिथे प्रश्न सोपा होता: तुमच्या हद्दीत कोणी परवानगीशिवाय शिरलं का, किंवा काही आणून टाकलं का? शिरलं असेल तर दावा उभा राहतो. नुकसान झालं की नाही, किती झालं, हे पुढचं. आजचा विषय त्याच कुंपणापाशी आहे, पण इथे शेजारी कुंपण ओलांडत नाही. तो स्वतःच्या जागेतच राहतो. ओलांडतो त्याचा आवाज, धूर, वास, ओल, हादरा. अपकृत्यांच्या कायद्यात याला ‘उपद्रव’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात हा शब्द उंदरांपासून ढेकणांपर्यंत कुणालाही लागतो, पण इथे त्याचा अर्थ बांधीव आहे: दुसऱ्याला त्याच्या जागेचा उपभोग घेण्यात आणलेला असा अडथळा, जो त्याने सोसावा अशी अपेक्षा करता येत नाही.

सगळी मेख त्या शेवटच्या तुकड्यात आहे. सोसावा म्हणजे किती सोसावा? त्याचं उत्तर समजून घ्यायला लंडनच्या एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात जाऊ या.

विगमोर स्ट्रीटवर ब्रिजमन नावाच्या मिठाईवाल्याचं दुकान होतं. मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून, विटांच्या बांधकामात बसवलेले दोन मोठे संगमरवरी खल. त्यांत लाकडी मुसळांनी साखरेचे खडे आणि तसले कडक जिन्नस कुटायचे. मुसळ सरळ राहावं म्हणून भिंतीला आडवे आधार ठोकलेले होते. हे कुटणं वीस वर्षांहून जास्त काळ चाललं होतं आणि त्यावरून कोणाचं डोकं फिरल्याची नोंद नव्हती. एकदाच मागच्या घरातल्या एका आजारी रहिवाशाने सकाळी आठच्या आधी कुटू नका अशी विनंती केली होती.

मागचं ते घर विम्पोल स्ट्रीटवर होतं. १८६५ साली तिथे स्टर्जेस नावाचे डॉक्टर राहायला आले. आठ वर्षं त्यांनाही काही त्रास झाला नाही. मग १८७३ मध्ये त्यांनी बागेच्या टोकाला, थेट त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, रुग्ण तपासायची खोली बांधली. आता डॉक्टर रुग्णाच्या छातीला कान लावायचे आणि भिंतीपलीकडे साखर कुटली जायची. छाती ऐकता येईना, एकाग्रता साधेना. डॉक्टरांनी दावा लावला.

ब्रिजमनची बाजू वाचताना सहानुभूती त्याच्याकडेच जाते, निदान माझी तरी गेली. तो पूर्वीपासून तिथेच होता. व्यवसाय बेकायदा नव्हता. आवाज अचानक वाढला नव्हता. बदल केला तो डॉक्टरांनी, आणि त्याची शिक्षा मिठाईवाल्याला का? शिवाय इंग्लिश कायद्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो. मग खलबत्त्यालाही तो मिळाला असणार, असं त्याच्या वकिलांचं म्हणणं.

खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि १८७९ साली अपील न्यायालयाने तो कायम केला. वहिवाटीच्या मुद्द्यावर न्यायमूर्ती थेसिगर यांचं उत्तर असं होतं: वहिवाट तेव्हाच पिकते, जेव्हा समोरच्याला ती रोखता आली असती आणि तरी त्याने रोखली नाही. बाग रिकामी होती तोवर ठोक्यांनी कुणाच्या उपभोगात दखल घ्यावी एवढा अडथळा येत नव्हता. मग डॉक्टरांनी, किंवा त्यांच्या आधीच्या मालकाने, दावा तरी कशाच्या बळावर लावायचा? उपद्रव खोली बांधली तेव्हा सुरू झाला, आणि वीस वर्षांचं घड्याळही तेव्हाच सुरू झालं. न्यायमूर्तींनी माळरानावरच्या एका लोहाराच्या भट्टीचंही उदाहरण घेतलं. आज आसपास वस्ती नाही म्हणून भट्टी वर्षानुवर्षं चालली, तर पुढे शेजारच्या जमिनीवर कोणी घर बांधायचंच नाही, असा हक्क लोहाराला देणं त्यांना अन्यायाचं वाटलं.

याच निकालपत्रात वस्तीचा मुद्दाही येतो. लंडनच्या बेलग्रेव्ह चौकासारख्या श्रीमंत वस्तीत जे उपद्रव ठरेल, ते कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या बर्मंडसीत ठरेलच असं नाही, असं थेसिगर म्हणाले. विम्पोल स्ट्रीट डॉक्टरांचा रस्ता म्हणून ओळखला जायचा, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे कापडबाजारातल्या माडीवर राहणारा माणूस हमालांच्या आरडाओरड्याबद्दल तक्रार करू लागला, तर न्यायाधीश प्रथम खिडकीबाहेर पाहतील.

पण वस्तीचा हा मुद्दा आवाज, वास, धूर अशा सुखसोयींच्या त्रासालाच लागू पडतो. वस्तूचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर वस्ती कारखान्यांची आहे हा बचाव चालत नाही. १८६५ मध्ये सेंट हेलेन्सच्या तांबे गाळण्याच्या कारखान्यातल्या वाफांनी शेजारच्या इस्टेटीवरची झाडं करपली, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने हा फरक ठरवून दिला. वरच्या फ्लॅटमधून झिरपणाऱ्या पाण्याने तुमच्या छताचा गिलावा पडत असेल, तर ‘सगळ्या जुन्या इमारतींत असंच असतं’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

आता किती सोसायचं याच्या मोजमापाशी जोडला जाणारा ‘वाजवी’ हा शब्द. यावर वकिलांचीही गल्लत होते. आपण ऐकतो: मी वाजवी काळजी घेतली, यंत्राला रबर लावलं, रात्री बंद ठेवलं, मग माझी चूक काय? निष्काळजीपणाच्या दाव्यात हा बचाव वजनदार असतो. उपद्रवात तो दुय्यम आहे, कारण इथे मोजमाप दुसऱ्या टोकाला होतं. प्रतिवादीने किती जपलं, यापेक्षा त्या जागी राहणाऱ्या सामान्य माणसाने किती सोसायचं, हे आधी पाहतात. सामान्य माणूस म्हणजे फार हळवा नाही. १८८९ च्या एका खटल्यात तळघरातल्या भट्टीच्या उष्णतेने वरच्या मजल्यावरचा खास तपकिरी कागद सुकून वजनात घटला. साध्या कागदाला काही झालं नसतं, म्हणून कागदाचा मालक हरला.

प्रतिवादीचा हेतू मात्र पाहिला जातो. १८९३ मध्ये एका संगीतशिक्षिकेच्या घरी शिकवण्या चालत, आणि त्याला कंटाळलेला शेजारी भिंत ठोके, तबकं बडवी, शिट्ट्या मारी. शिकवणी चालू राहिली, शेजाऱ्याला मनाई झाली. तेवढाच आवाज सरळ कामातून झाला असता तर न्यायालयाने कदाचित वेगळा विचार केला असता. चिडवण्यासाठी केलेल्या आवाजाला वाजवीपणाचं पांघरूण मिळत नाही.

‘वाजवी’ या शब्दाची सर्वात ताजी मोठी परीक्षा लंडनच्याच टेट मॉडर्न कलासंग्रहालयाने दिली. २०१६ साली त्यांनी दहाव्या मजल्यावर सर्व बाजूंनी शहर पाहता येईल असा सज्जा खुला केला. वर्षाला लाखो लोक येऊ लागले. समोर काचेच्या भिंतींचे फ्लॅट. लोक शहराबरोबर तिथल्या रहिवाशांचा दिवाणखानाही पाहू लागले, फोटो काढू लागले. रहिवासी उच्च न्यायालयात हरले, अपील न्यायालयातही हरले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा निकालाने त्यांची बाजू मान्य केली. बहुमताचा धागा असा: प्रतिवादीचा वापर जमिनीचा सर्वसाधारण, रोजचा वापर आहे का? घरात राहणं रोजचं आहे. सतत माणसांना बोलावून शेजाऱ्याच्या घराकडे पाहायची सोय करून देणं रोजचं नाही. ‘पडदे लावा की’ हा संग्रहालयाचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. त्याने त्रास टाळण्याचं ओझं सोसणाऱ्यावरच पडलं असतं.

इथे कुंपण कुणीच ओलांडलं नव्हतं. म्हणजे हा अतिक्रमणाचा दावा नव्हताच. आता ब्रिजमनकडे परत येऊ. समजा त्या मुसळाचा एखादा आधार भिंतीतून आरपार जाऊन डॉक्टरांच्या बागेत दोन बोटं बाहेर आला असता. डॉक्टरांना त्याचा काही त्रास नसता तरी ते अतिक्रमण ठरलं असतं, आणि ‘दोन बोटांनी काय बिघडलं’ हे विचारायची सोयही राहिली नसती. १९५७ मध्ये तंबाखू कंपनीच्या एका जाहिरात फलकाचं असंच झालं. तो शेजारच्या दुकानावरच्या हवेत काही इंच पुढे आला होता, आणि नुकसान नसतानाही काढावा लागला. वस्तू किंवा माणूस सरळ तुमच्या हद्दीत आला, तर वाजवीपणाचा तराजू काढतच नाहीत. ठोका भिंतीतून झिरपला, तर तराजू काढल्याशिवाय निकालच लागत नाही.

पण एक गोष्ट या नीटनेटक्या आखणीत बसत नाही: शेजाऱ्याच्या झाडाची फांदी. ती फलकाइतकीच ठसठशीत असते, तरी इंग्लिश कायद्याने तिला उपद्रव मानलं. फलक माणसाने हाताने तिथे आणला, फांदी आपोआप वाढत आली, सरळ कृती नाही. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की शेजाऱ्याला आगाऊ कळवल्याशिवायही, स्वतःच्या हद्दीत राहून, हद्दीत आलेली फांदी छाटता येते. मात्र झाड त्याचंच राहतं. १९१९ च्या एका खटल्यात अशा फांदीवरची सफरचंदं तोडून विकणाऱ्याला त्यांची भरपाई द्यावी लागली. आंब्याच्या दिवसांत हे आठवावं.

भारतीय न्यायालयं हाच साचा वापरतात. अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे १९८२ साली एका डॉक्टरांचाच दावा आला. त्यांच्या दवाखान्याशेजारी विटा दळण्याचं यंत्र बसलं होतं. धूळ तपासणीच्या खोलीत येई आणि कपड्यांवर लालसर थर बसे. न्यायालयाने यंत्रावर कायमची मनाई घातली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यामुळे वीस वर्षांची वहिवाटही आपल्याकडे ओळखीची आहे. त्रास सोसण्यापलीकडचा आहे हे दाखवायला दावा लावणाऱ्याने एक वही ठेवावी: कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, आणि तेव्हा घरात कोणतं काम थांबलं. ‘फार त्रास होतो’ या वाक्याने ती भरत नाही.

पुढच्या आठवड्यात लँकेशायरमधला एक जलाशय फुटणार आहे. त्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, आणि मालकाची चूक नसतानाही कायद्याने त्याला जबाबदार धरलं.