सपाट कापडाला फुगवटा कसा येतो?

ब्लाउजच्या पुढच्या भागावरचा टक्स तुम्ही पाहिला असेल. तो काय करतो? १० सेंटिमीटर त्रिज्येचा कागदी गोल घ्या, कडेपासून मध्यापर्यंत कापा आणि कापलेल्या कडा ३० अंशांइतक्या एकमेकींवर सरकवा. ४ सेंटिमीटर उंचीचा शंकू होईल! ६० अंश सरकवल्यास उंची दुप्पट नव्हे, साडेपाचच भरते.

शंकूला टोक असते. म्हणून शिंपी टक्स उभाराच्या मध्याआधी दोनेक सेंटिमीटरवर संपवतो. नाहीतर तिथे कापड टोचून वर आल्यासारखे दिसते. तेवढेच कापड चुण्यांत घेतले, तर टोक न येता शिवणीपासूनच मऊ फुगवटा पसरतो. चुण्यांच्या अनेक समांतर ओळी म्हणजे शिअरिंग. ओळींपाशी कापड अंगासरशी बसते, शेवटच्या ओळीखाली फुलते. रुशिंगमध्ये दोन्ही कडा चुणतात आणि फुगवटा मधल्या लाटांपुरताच राहतो. त्याखालच्या अस्तराला मात्र टक्स घालावेच लागतात.